डिपॉझिटमधून कपात : पत्र कसं लिहावं

घर सोडणाऱ्या भाडेकरूला डिपॉझिट परत करताना “दुरुस्तीचे व इतर १०,११० रुपये वजा” असं एका ओळीत लिहिलंत की वाद ठरलेलाच. पत्रात आधी करारातली डिपॉझिटची रक्कम आणि चावी परत मिळाल्याची तारीख टाका. मग प्रत्येक कपातीसमोर बिल क्रमांक, तारीख आणि कारण लिहा.

समजा डिपॉझिट ६०,००० आहे. थकलेलं भाडं ६,००० आणि फुटलेलं बेसिन बदलल्याचे २,३५०, प्लंबरच्या पावतीप्रमाणे.

घोळ होतो तो लाइट बिलात. बिल येतं भाडेकरू गेल्यावर, आणि त्यात नंतरची रंगकाम, साफसफाईची वीजही असते. म्हणून चावी घेतानाच मीटरचा फोटो काढा. बिल ३१० युनिटचं, २,४८० रुपयांचं असेल आणि त्या दिवशीपर्यंत २२० युनिट झाले असतील, तर सरळ प्रमाणात १,७६० च कापा. एकूण कपात १०,११०, परतावा ४९,८९०.

रंग फिका पडणं ही नेहमीची झीज. करारात रंगकामाची अट नसेल तर तो खर्च लावू नका. दुरुस्तीचं नुसतं कोटेशन जोडलंत तर भाडेकरू हरकत घेणारच, पैसे दिल्याची पावती जोडा. उरलेली रक्कम बँकेतून पाठवा आणि व्यवहार क्रमांक पत्रातच लिहा.