फारसी मथळ्यातलं 'खबर दाद' इंग्रजीत नेताना

'वझीर-ए नफ्त अझ अफझायेश-ए तोलीद खबर दाद.' म्हणजे तेलमंत्र्यांनी उत्पादनवाढीची खबर दिली. इराणी बातम्यांत हा साचा पावलोपावली भेटतो. खरी गोम 'अफझायेश' या नामात आहे, कारण त्याला काळच नाही. वाढ झाली की होणार? त्यासाठी बातमीच्या पहिल्या परिच्छेदातलं क्रियापद बघा. 'अफझायेश याफ्त' असेल तर 'ऑइल मिनिस्टर सेज आउटपुट हॅज रिझन'. 'अफझायेश खाहद याफ्त' असेल तर 'विल राइज'. तिथेही उलगडा झाला नाही, तर 'अनाउन्सेस आउटपुट राइज' असं मोघमच ठेवलेलं बरं. 'रिव्हील्स' किंवा 'कन्फर्म्स' मात्र नको. त्यातून दावा खरा असल्याची ग्वाही जाते. आणि जागा वाचवायला 'मिनिस्टर सेज' उडवलंत, तर मंत्र्याचं म्हणणं थेट तुमच्या नावावर छापलं जातं.