बोलल्यासारखा निबंध १२० शब्दांत कसा बसवला

विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’, मर्यादा १२० शब्द, आणि हातातला बोलल्यासारखा लिहिलेला मजकूर जवळपास दुप्पट. अशा वेळी आधी वाक्ये खोडायला घेऊ नयेत. समासात प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करावी: निसर्गाचे असेल तर ‘नि’, गैरसोयीचे असेल तर ‘गै’, स्वतःचे मत असेल तर ‘म’. बोलताना मत मध्येच येऊन जाते, म्हणून समारोपाचे वाक्य बहुधा मधल्या भागात सापडते. ‘नि’ आणि ‘गै’ यांचे दोन परिच्छेद, प्रत्येकी ४० शब्द. प्रस्तावना आणि समारोप २०-२० शब्दांचे.

मग भाषा. मूळ वाक्य: ‘तर काय झालं की, पाऊस आला ना, मग आमच्या गल्लीत नुसतं पाणीच पाणी झालं, आणि मग लाईट पण गेली.’ हे १९ शब्द. ‘पाऊस सुरू होताच गल्ली पाण्याने भरली आणि वीजही गेली.’ हे ९. ‘मग’, ‘ना’, ‘तर’ गेले की निम्मे काम होते. ‘झालं’चे ‘झाले’, ‘आईनं’चे ‘आईने’ करावे. अवतरणचिन्हातला संवाद मात्र बोलीतच ठेवावा, नाहीतर निबंधातली आजी बातम्या वाचल्यासारखी बोलते.

प्रस्तावना शेवटी लिहावी. आधी लिहिली की ती ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’पासून सुरू होते आणि ५० शब्द खाते.