एका ओळीसाठी 38 एमबी: डेल्टा अपडेटमध्ये मी कुठे फसलो

नोकरीला लागून तिसरा महिना होता. आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवरच्या छोट्या लिनक्स मशीनवर चालायचं. दुधाचं वजन, फॅट, एसएनएफ, शेतकऱ्याची पावती, सगळं त्यावरच. मशीनमध्ये मोबाइलचं सिम, आणि रेंज नावापुरती. मी पावतीतली एक ओळ दुरुस्त केली आणि रात्री अपडेट सोडलं. पहाटे सहाला एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला: "साहेब, मशीन डाउनलोडच करत बसलंय. बाहेर रांग लागलीय, पावती कशी देऊ?"

माझ्या हिशेबाने फार तर शे-दोनशे केबी जायला हवे होते. अपडेट `rsync` या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामने जात होतं, आणि `rsync` म्हणजे फक्त बदललेला भाग, म्हणजेच डेल्टा, जाणार, एवढं मला पाठ होतं. "`rsync` लाव, काम झालं" असं मला सांगणारे सीनियर चांगले होते, पण आउटपुट त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. जो सीनियर कमांड देतो पण ती चालल्याची खूण कुठे बघायची ते सांगत नाही, त्याच्याकडून कमांड घ्या आणि खूण स्वतः शोधा. इथे ती खूण `--stats` ने दिसते. मी ते दुपारी लावून पाहिलं:

```
Literal data: 39,845,888 bytes
Matched data: 0 bytes
```

पहिला आकडा म्हणजे तारेवरून प्रत्यक्ष गेलेला माल, दुसरा म्हणजे जुन्या फाइलमधून उचललेला. 38 एमबीची फाइल पूर्ण गेली होती. जुन्यातला एक बाइटही कामी आला नव्हता.

आता मूळ पद्धत थोडक्यात. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती 1996 मध्ये मांडली. मशीन आपल्याकडच्या जुन्या फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे करतं. तुकड्याचा आकार फाइलच्या आकाराच्या वर्गमुळाच्या आसपास असतो. आमच्या फाइलचे सुमारे 6,300 बाइट्सचा एक, असे जवळपास 6,300 तुकडे होत होते. प्रत्येक तुकड्याची एक स्वस्त बेरीज आणि एक पक्की खूण काढून ती यादी सर्व्हरला जाते. सर्व्हर नव्या फाइलवर तेवढीच खिडकी ठेवतो आणि ती एकेक बाइट पुढे सरकवतो. खिडकीत 7, 2, 9, 4 असतील तर बेरीज 22. पुढचा बाइट 5 असेल तर सगळं पुन्हा मोजायचं नाही. गेलेला 7 वजा, आलेला 5 मिळवा, 20. (खऱ्या बेरजेत क्रमही धरलेला असतो, पण युक्ती हीच.) बेरीज यादीत सापडली की पक्की खूण ताडून बघायची. जुळली तर "तुझा अमुक नंबरचा तुकडा घे" एवढाच निरोप जातो. म्हणून सुरुवातीला एखादं अक्षर घुसून पुढचं सगळं सरकलं तरी ही पद्धत गडबडत नाही.

मग माझं का गडबडलं? कारण मी पाठवत होतो `tar.gz`, म्हणजे सगळ्या फाइली `tar` ने एकत्र बांधून `gzip` ने दाबलेलं आर्काइव्ह. इथे थांबा आणि हे नीट वाचा, मला हे कळायला अकरा दिवस लागले.

`gzip` मजकूर दाबताना मागच्या 32 केबीत तसाच तुकडा आला होता का ते बघतो आणि "इतकं मागे जाऊन इतकी अक्षरं घे" असं लिहितो. शिवाय जे जास्त वेळा येतं त्याला कमी बिट, कमी येतं त्याला जास्त बिट देतो. म्हणजे दाबलेला प्रत्येक भाग आधीच्या भागावर रेललेला. सुरुवातीला काही बदललं की मागचे निर्देश बदलतात, बिटांची वाटणी बदलते, आणि पुढचा मजकूर तोच असला तरी तो तीन बिट इकडे नाहीतर पाच बिट तिकडे सरकतो. `rsync` ची खिडकी बाइटने सरकते, बिटने नाही. त्यामुळे तिला पुढचं सगळं अनोळखी दिसतं. बदल फाइलच्या शेवटी असता तर आधीचा भाग वाचला असता. पण आमच्या आर्काइव्हमध्ये सगळ्यात पहिली फाइल कोणती? `VERSION`. आवृत्तीचा नंबर आणि बिल्डची तारीख. दर वेळी बदलणारी एकमेव फाइल आम्ही नेमकी दारात ठेवली होती.

उपाय एका शब्दाचा निघाला: `gzip --rsyncable`. यात `gzip` मजकुराकडे बघून अधूनमधून कोरी पाटी घेतो. बदलाचा परिणाम पुढच्या कोऱ्या पाटीपर्यंतच टिकतो, तिथून पुढे जुने आणि नवे बाइट पुन्हा जुळतात. फाइल एखाद टक्क्याने फुगते. जुनी आणि नवी, दोन्ही अशाच दाबलेल्या हव्यात. म्हणजे हा बदल केल्यानंतरचं पहिलं अपडेट पूर्णच जाणार. तेव्हा घाबरून परत मागे फिरू नका, मी फिरलो होतो.

दुसऱ्या वेळी साडेचार एमबी गेले. सुधारणा मोठी, पण एका ओळीला साडेचार एमबी? दोन्ही आर्काइव्ह उघडून `cmp -l` लावलं तर फरक ठरावीक जागी, फाइलमागून फाइल. `tar` प्रत्येक फाइलच्या आधी 512 बाइट्सचं शीर्षक ठेवतो आणि त्यात फाइलची वेळ असते. आमचा बिल्ड सर्व्हर दर वेळी `git` मधून सगळं नव्याने काढायचा, आणि `git` जुन्या वेळा जपत नाही. तीनशे फाइली, तीनशे बदललेली शीर्षकं, आणि प्रत्येक शीर्षक आजूबाजूचे दोन-तीन तुकडे नासवणार. शेवटी हे ठरलं:

```
tar --sort=name --mtime='2020-01-01' -cf app.tar app/
gzip -n --rsyncable app.tar
```

त्यानंतरचं अपडेट 190 केबीत गेलं. तुमचे आकडे वेगळे येतील, आणि पहिल्या प्रयत्नात वाईटच येतील. त्यात तुमची अक्कल कमी आहे असं काही नाही, दाबलेल्या फाइलींची ही जातच आहे. झिपमध्ये मात्र प्रत्येक फाइल वेगळी दाबली जाते, म्हणून तिथे नुकसान बदललेल्या फाइलपुरतंच राहतं.

आता तुम्ही हे करून बघाल म्हणून एक इशारा. एकाच लॅपटॉपवर या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये करून बघितलंत तर `rsync` मुद्दाम पूर्ण फाइलच पाठवतो, कारण तिथे डेल्टा काढणं हेच जास्त महाग पडतं. `--no-whole-file` द्या, नाहीतर माझ्यासारखा अख्खा शनिवार जाईल. आणि फाइलच्या नावात आवृत्ती घालू नका. `app-1.5.tar.gz` पाठवताना मशीनवर `app-1.4.tar.gz` असेल, तर `rsync` च्या लेखी तिथे जुनी फाइलच नाही. `--fuzzy` दिलं तर तो मिळतंजुळतं नाव शोधतो, पण मला तो जुगार वाटतो. नाव एकच ठेवावं, आवृत्ती आत असू द्यावी.

190 केबीवर मी खूश होतो आणि आठवड्याभरात त्याच सचिवांचा पुन्हा फोन. या वेळी डाउनलोड नाही, जागा संपली होती. `rsync` जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. जुने तुकडे आणि आलेला माल मिळून शेजारी तात्पुरती नवी फाइल रचतो आणि पूर्ण झाली की नाव बदलतो. तारेवरून 190 केबी आले तरी डिस्कवर आणखी 38 एमबी मोकळे लागतात. त्या मशीनवर 20 होते. `--inplace` ने जागा वाचते, पण मध्येच लाइट गेली तर जुनी फाइलही अर्धवट आणि नवीही. तिकडे रोज लाइट जाते. मी जुने लॉग पुसायची स्क्रिप्ट लिहिली आणि ती अपडेटच्या आधी चालवायला लागलो.