चालू खात्याचा फॉर्म परत येतोय? या चुका टाळा

एकट्या मालकाच्या धंद्याचं, म्हणजे प्रोप्रायटरशिपचं चालू खातं उघडताना कागद पूर्ण असूनही फॉर्म परत येतो. बऱ्याचदा कारण एकच असतं: फर्मचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार मालकाच्या स्वतःच्या केवायसीसोबत फर्मच्या नावाचे दोन पुरावे लागतात. उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता, असे. दोन देणं शक्यच नसेल तर बँक एकावर भागवू शकते, पण मग जागेवर येऊन धंद्याची खातरजमा करते.

आता समजा, जीएसटीवर ट्रेड नेम ‘साईकृपा ट्रेडर्स’ आहे, उद्यमवर ‘श्री साईकृपा ट्रेडिंग’. तुमच्या लेखी दुकान एकच, बँकेच्या लेखी फर्म दोन. म्हणजे पुरावा प्रत्येकीचा एकेकच. अशा वेळी जीएसटीवरचं नाव कायम ठेवा आणि उद्यममध्ये दुरुस्ती करा. ती सरकारी पोर्टलवर ओटीपीने फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. रबरी शिक्का मात्र नाव पक्कं झाल्यावरच बनवा. शिक्का आधी तयार असतो आणि मग त्याच्यासाठी नाव वाकवलं जातं, असं हमखास होतं.

हेच नाव फॉर्मच्या ‘नेम ऑफ एंटिटी’ रकान्यात अक्षर न अक्षर उतरवा. पॅनच्या रकान्यात मालकाचाच पॅन येतो, कारण प्रोप्रायटरशिपला वेगळा पॅन नसतो. ‘कॉन्स्टिट्यूशन’ रकाना पाहून गोंधळू नका. तिथे धंद्याचा कायदेशीर प्रकार विचारलाय, म्हणून ‘सोल प्रोप्रायटरशिप’ लिहा. ‘किराणा’ किंवा ‘हार्डवेअर’ हे ‘नेचर ऑफ बिझनेस’मध्ये.

दुसऱ्या बँकेत सीसी, ओडी किंवा कर्ज असेल तर ते घोषणापत्रात लिहाच. सिबिलमध्ये ते दिसतंच, आणि लपवलेलं दिसलं की फाईल तिथेच थांबते.

खातं उघडल्यावरचा घोळ असतो ‘ॲव्हरेज बॅलन्स’चा. शिल्लक महिनाअखेरीस भरली की झालं, असं वाटतं. सरासरी मात्र रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीची काढतात. समजा अट महिन्याला सरासरी १०,००० रुपयांची आहे, खातं रिकामं होतं आणि तुम्ही २९ तारखेला १०,००० भरले. तीस दिवसांच्या महिन्यात ते दोनच दिवस मोजले जातील, सरासरी येईल साधारण ६६७ रुपये आणि दंड लागेल. उलट सुरुवातीचे दहा दिवस ३०,००० ठेवले आणि मग सगळे काढले, तरी सरासरी बरोबर १०,००० भरते. काही बँका हा हिशेब तिमाहीचा करतात, तेव्हा सही करण्याआधी चार्जेसच्या तक्त्यात कुठला लागू आहे ते बघून घ्या.