‘एक्स-रे नॉर्मल, मुका मार आहे’: खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये या चुका टाळा

सत्तरी ओलांडलेली व्यक्ती घरात पडते, कमरेखाली दुखतं म्हणते, एक्स-रे निघतो, त्यात काही दिसत नाही आणि कागदावर लिहिलं जातं: मुका मार. बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पण मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा पहिल्या एक्स-रेत दिसतच नाही, असं खुब्याच्या शंभर फ्रॅक्चरमागे साधारण दोन ते दहा जणांत घडतं. बाकी काहींमध्ये तो फिल्मवर असतो, पण बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. हे लिखाण मुख्यतः कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही.

एक नमुन्याची केस घेऊ. शहात्तर वर्षांच्या आजी न्हाणीघरात उजव्या कुशीवर पडल्या. शेजाऱ्यांनी उठवलं. हाताला धरून, लंगडत का होईना, त्या रिक्षापर्यंत चालत गेल्या. दवाखान्यात विचारलं तर बोट ठेवलं गुडघ्यावर.

इथे पहिल्या दोन चुका एकदमच होतात. गुडघ्यावर बोट ठेवलं म्हणून गुडघ्याचा एक्स-रे निघतो. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. आणि ‘चालत आल्या म्हणजे हाड शाबूत’ हे गृहीत धरलं जातं. मानेच्या एका प्रकारच्या फ्रॅक्चरमध्ये हाडाचा गोळा खाली मानेवर दाबून बसतो, एका पेल्यात दुसरा पेला घट्ट रुतावा तसा. अशा पायावर माणूस काही पावलं टाकू शकतो. पाय आखूड झालाय, पाऊल बाहेर वळलंय, ही पुस्तकातली खूण हाड सरकल्यावरची आहे. रुतलेल्या फ्रॅक्चरमध्ये दोन्ही पाय सारखेच दिसतात. म्हणून पाय नुसता बघू नका, तपासा. उताणं झोपवून अख्खा पाय हलकेच आत-बाहेर लोळवा, टाचेवर हलका दाब द्या, गुडघा सरळ ठेवून पाय उचलायला सांगा. यातल्या कशानेही जांघेत कळ आली तर खुब्याची फिल्म हवीच.

आजींची खुब्याची फिल्म निघाली, पण एकच, समोरून, आणि दुखतंय म्हणून पाऊल बाहेर पडलेलं तसंच ठेवून. खरी गडबड इथे आहे. मांडीच्या हाडाची मान मुळातच दहा-पंधरा अंश पुढे झुकलेली असते. पाऊल बाहेर वळलं की मान क्ष-किरणांच्या दिशेत येते, फिल्मवर आखूड दिसते आणि तडा त्या आखूडपणात लपतो. फिल्म नीट निघाली की नाही हे मांडीच्या आतल्या बाजूच्या छोट्या उंचवट्यावरून, लेसर ट्रोकँटरवरून कळतं. तो ठळक बाहेर आलेला दिसला तर पाय बाहेर वळलेला होता. अशी फिल्म वाचत बसण्यापेक्षा परत काढायला सांगा. दुखणं कमी करून पाऊल साधारण पंधरा अंश आत वळवायचं आणि दोन्ही खुबे एकाच फिल्मवर घ्यायचे. पाऊल वळत नसेल तर जोर लावू नका. रुतलेलं हाड तुमच्याच हातून सुटेल.

दुसरी फिल्म बाजूने हवी. त्यासाठी पाय बेडकासारखा फाकवू नका, कारण वर सांगितलेलाच धोका तिथे जास्त आहे. दुखरा पाय आहे तसा टेबलावर ठेवायचा, चांगला पाय उचलून बाजूला घ्यायचा आणि किरण आडवे सोडायचे. गोळा मागे कलला असेल तर समोरच्या फिल्मवर पत्ता लागत नाही, या फिल्मवर लागतो.

आता वाचन. तुटलेली काळी रेघ शोधू नका, कारण रुतलेल्या फ्रॅक्चरमध्ये काळी रेघ नसतेच. हाड दाबलं गेलेलं असतं, त्यामुळे गोळ्याच्या लगेच खाली आडवी, धूसर पांढरी पट्टी दिसते. मग मानेची बाहेरची कड बघा. गोळ्यावरून मानेवर उतरताना ती सैल वळण घेते. तिथे वळणाऐवजी टोकदार खाच दिसली तर थांबा. आतल्या कडेवर पायरी आहे का पाहा. शेवटी हाडातल्या बारीक रेषा: आतल्या कडेपासून गोळ्यात चढणाऱ्या या रेषा मध्येच मोडून वेगळ्या कोनात जात असतील, तर गोळा फिरलाय. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या खुब्याशी ताडून बघा. म्हातारपणी हाड सगळीकडेच विरळ असतं, पण ते दोन्ही बाजूंना विरळ असतं.

उलटी फसगतही होते. झिजलेल्या सांध्यात गोळ्याभोवती वाढलेल्या हाडाचं कडं तशीच पांढरी रेघ उमटवतं, पण ते सहसा दोन्ही बाजूंना असतं आणि गोळ्याच्या कडेला टोकं दिसतात. पोटाच्या किंवा जांघेच्या कातडीची घडी हाडाची हद्द ओलांडून बाहेर जाते, फ्रॅक्चर जात नाही.

आजींच्या नव्या फिल्मवर दुसऱ्या बाजूला नसलेली पट्टी आणि बाहेरची खाच दिसली असती तर निदान झालं असतं. समजा, तीही स्वच्छ निघाली. जांघेत कळ आहे, पायावर भार देववत नाही, तर प्रश्न सुटलेला नाही. फिल्मवर पुढे जघनास्थीचा तडा आहे का पाहा, त्यानेही असंच दुखतं. मात्र तिथे काही सापडलं म्हणून मानेकडे बघायचं सोडू नका.

एक्स-रे आणि दुखणं जुळत नसेल तर एमआरआय, तोही शक्यतो चोवीस तासांच्या आत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: एमआरआय तेवढ्या वेळात मिळत नसेल किंवा करता येत नसेल तर सीटीचा विचार करा. खर्चाच्या आणि वेळेच्या धाकाने हे टाळलं जातं, पण या प्रश्नासाठी लांबलचक तपासणी लागत नाही. समोरच्या प्रतलातले टी-वन आणि एसटीआयआर हे दोन क्रम बहुतेकदा पुरतात. जुना पेसमेकर असेल तर सीटी करा, फक्त तिची मर्यादा ध्यानात ठेवा: फार विरळ हाडात न सरकलेला तडा सीटीतही सुटू शकतो. बोन स्कॅन म्हाताऱ्या माणसात पहिले दोन-तीन दिवस खोटा दिलासा देऊ शकतो.

‘गोळ्या घ्या, दहा दिवसांनी परत फिल्म काढू’ हा सल्ला मला सगळ्यात महाग वाटतो. आजींना तोच मिळाला. चौथ्या रात्री लघवीला उठताना कळ आली आणि पाय आखूड होऊन बाहेर वळला. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला चिकटून वर जातात. हाड सरकलं की त्या ताणल्या किंवा तुटल्या जातात. पहिल्या दिवशी लहानशा छेदातून दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं, तिथे आता बहुधा गोळा काढून कृत्रिम बसवावा लागतो.

तालुक्याच्या ठिकाणी एमआरआय नसेल तर पेशंटला जिल्ह्याला स्ट्रेचरवरूनच पाठवा. शेक, मालिश, हाडवैद्याकडे पाय ओढून घेणं, सगळं बंद. चिठ्ठीवर ‘मुका मार’ लिहू नका. लिहा: ‘एक्स-रेत फ्रॅक्चर दिसत नाही, खुब्याच्या फ्रॅक्चरचा संशय कायम, पायावर भार देऊ नये.’