फोटोओळी आणि ठळक उद्धरणं : लांब लेखातल्या या चुका टाळा

‘लोणार सरोवराचे विहंगम दृश्य.’ लोणारवरच्या लेखात ही फोटोओळ हमखास सापडते. आता हीच ओळ भंडारदऱ्याच्या किंवा रंकाळ्याच्या फोटोखाली, फक्त नाव बदलून, ठेवून बघा. व्यवस्थित बसते. जी ओळ कुठल्याही फोटोखाली बसते, ती त्या फोटोबद्दल काहीच सांगत नसते.

लांब लेखात याचं नुकसान जास्त होतं. दिवाळी अंकातला किंवा वेबवरचा तीन-साडेतीन हजार शब्दांचा लेख वाचक सरळ पहिल्या ओळीपासून वाचत नाही. तो आधी शीर्षक बघतो, फोटो बघतो, फोटोखालची ओळ वाचतो, मध्येच मोठ्या अक्षरात दिलेलं वाक्य, म्हणजे ठळक उद्धरण, वाचतो आणि मग ठरवतो की आत शिरायचं की नाही. मजकुरातली सगळ्यांत जास्त वाचली जाणारी वाक्यं हीच असतात, आणि लिहिली जातात मात्र शेवटी, घाईत, बरेचदा लेखकाऐवजी पान लावणाऱ्याकडून. म्हणून लोणारवरचा असा एक लेख समोर धरू आणि त्यातल्या फोटोओळी आणि उद्धरणं दुरुस्त करत जाऊ.

दिसतं तेच पुन्हा सांगणं

पहिला फोटो विवराच्या काठावरून काढलेला आहे. गोल खड्डा, तळाशी पाणी, कडेने झाडी. हे वाचकाला दिसतंच आहे. त्याला दिसत नाही ते तीन गोष्टींत आहे : आकार, कारण आणि काळ. फोटोत माणूस किंवा घर नसेल, तर विवर दोनशे मीटरचं आहे की दोन किलोमीटरचं, हे कळायला मार्गच नसतो. म्हणून ओळ अशी करता येईल :

‘लोणारचं विवर. या काठापासून समोरच्या काठापर्यंतचं अंतर सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच दिसतो, कारण उल्कापाताच्या आघाताने बसाल्टचे थर वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला उलथले.’

ही ओळ वाचल्यावर वाचक परत फोटोकडे बघतो आणि काठाचा उंचवटा शोधतो. नजर फोटोकडे परत गेली, तर फोटोओळ कामाची झाली असं समजावं. त्यासाठी फोटोतल्याच एखाद्या गोष्टीवर बोट ठेवावं लागतं. विवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, २०२० मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा मिळाला, ही माहिती खरी असली तरी या फोटोत कुठे दिसत नाही. ती मजकुरातच राहू द्यावी. फोटोओळीत माहिती भरायची म्हणजे हाताशी असलेली कुठलीही माहिती कोंबायची नाही.

मराठीत ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. फोटोओळीत ‘-ताना’ आहे का बघा. ‘सरोवराची पाहणी करताना पर्यटक’, ‘पाण्याचे नमुने घेताना संशोधक’. बातमीच्या फोटोखाली ही रचना इतकी रुळली आहे की हात आपोआप तिच्याकडे जातो. पण या रचनेत क्रियापद पूर्ण होत नाही, त्यामुळे पुढे ‘मग काय झालं’ हे सांगायला जागाच उरत नाही. वाक्य पूर्ण करायचं ठरवलं की माहिती शोधावीच लागते : नमुने कशासाठी घेतले, तपासणीत काय निघालं? पूर्ण क्रियापदाचा आग्रह धरल्यावर अर्ध्या फोटोओळी आपोआप सुधारतात, असा माझा अनुभव आहे.

तारीख नसलेला फोटो

लोणारच्या लेखातला दुसरा फोटो हमखास गुलाबी पाण्याचा असतो. खाली ‘गुलाबी झालेलं लोणार सरोवर’ एवढंच. ही चूक पहिलीपेक्षा गंभीर आहे, कारण इथे वाचकाची थेट दिशाभूल होते. पाणी गुलाबी दिसलं ते जून २०२० मध्ये. सरोवराचं पाणी कायम गुलाबी नसतं. तारखेशिवाय तो फोटो छापला की वाचक गुलाबी पाणी बघायला बुलढाण्याला निघतो आणि तिथे त्याला हिरवट पाणी दिसतं.

‘संग्रहित छायाचित्र’ असं लिहून ही अडचण सुटत नाही. त्यातून फोटो जुना आहे एवढंच कळतं, किती जुना आणि तेव्हा काय वेगळं होतं हे कळत नाही. दुरुस्त ओळ :

‘जून २०२०. पाणी कमी झालं आणि त्याचा खारटपणा वाढला, तेव्हा गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याच्या नमुन्यांत ते ओळखले. हा रंग तात्पुरता होता.’

शेवटचं छोटं वाक्य काढू नका. फोटो एका क्षणाचा असतो आणि बघणाऱ्याला तो कायमचा वाटतो. ती समजूत फोटोओळीतच दुरुस्त करता येते.

उपग्रहाच्या फोटोंना हेच दुप्पट लागू होतं. लँडसॅट ८ ने टिपलेली २५ मे आणि १० जून २०२० ची चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर रंगातला बदल लगेच दिसतो. पण दोन्ही तारखा दिल्या नाहीत, तर दोन वेगवेगळ्या तलावांचे फोटो आहेत असंही कुणाला वाटू शकतं. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ लिहितानाही सावध राहा. मोबाइलवर शेजारचे फोटो एकाखाली एक येतात. तिथे तारीख हीच ओळख ठेवावी : ‘२५ मेच्या चित्रात… १० जूनच्या चित्रात…’ उपग्रहाच्या चित्रात रंग खरे आहेत की विश्लेषणासाठी बदललेले, हेही अर्ध्या वाक्यात सांगावं.

लेखाशी धागा न जुळणारा फोटो

तिसरा फोटो लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराचा. खाली : ‘प्राचीन शिल्पवैभवाचा अप्रतिम नमुना.’ लेख उल्कापाताबद्दल आहे, मग मंदिर इथे का, हा प्रश्न वाचकाला पडतो आणि ओळ त्याचं उत्तर देत नाही. उत्तर तर फार छान आहे : ‘दैत्यसूदन मंदिर. विष्णूने इथे लवणासुराचा वध केला, अशी कथा सांगितली जाते. विज्ञानाने उल्केचा पुरावा शोधण्याच्या कितीतरी आधी या खाऱ्या पाण्याच्या विवराचा अर्थ लोकांनी असा लावला होता.’ आता फोटो लेखाच्या धाग्यात आला. अशी जोडणारी ओळ सुचतच नसेल, तर फोटो काढून टाकावा. पान रिकामं दिसेल म्हणून ठेवलेला फोटो वाचकाचं लक्ष लेखाच्या बाहेर नेतो.

माणसाच्या साध्या फोटोखाली मात्र नाव आणि त्याचं काम एवढंच पुरतं. तिथे ओढूनताणून माहिती घालू नये.

वेबवर आणखी एक गल्लत होते : फोटोओळ आणि फोटोचं वर्णन करणारा, कोडमधला alt मजकूर एकच ठेवला जातो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तेच वाक्य दोनदा ऐकावं लागतं आणि फोटोत काय दिसतं हे शेवटपर्यंत कळत नाही. दिसणारं alt मध्ये, न दिसणारं फोटोओळीत, अशी वाटणी ठेवा.

```html
<figure>
  <img src="lonar.jpg" alt="गोल विवर, तळाशी हिरवट पाणी, कडेने झाडी">
  <figcaption>लोणारचं विवर. या काठापासून समोरच्या…</figcaption>
</figure>
```

उद्धरण सुंदर, पण रिकामं

आता मोठ्या अक्षरातल्या वाक्यांकडे वळू. लेखातलं सर्वांत भारदस्त वाक्य उचलायचा मोह होतो : ‘लोणार हा निसर्गाने महाराष्ट्राला दिलेला अनमोल ठेवा आहे.’ याच्याशी कुणाचाच मतभेद नाही, म्हणून ते वाचून कुणीही थांबत नाही. उद्धरणासाठी वाद, मोजमाप किंवा उलटलेली समजूत असलेलं वाक्य हवं. या लेखात ते वयाच्या परिच्छेदात आहे :

‘विवराचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं मानलं जायचं. नंतर आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने मोजल्यावर ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. म्हणजे अंदाज जवळपास अकरापट वाढला.’

यातलं तिसरं वाक्य उचलावंसं वाटतं, पण ते एकटं उभं राहत नाही. कशाचा अंदाज? दुसऱ्या वाक्यात ‘ते’ आहे. ‘ते’, ‘हे’, ‘म्हणजे’, ‘त्यामुळे’ असलेलं वाक्य परिच्छेदातून बाहेर काढलं की लंगडं होतं. अशा वेळी उद्धरण परस्पर बदलू नका, कारण मग मजकुरात एक आणि मोठ्या अक्षरात दुसरंच असं होतं. आधी मजकूरच दुरुस्त करा : ‘नव्या मोजणीत लोणारचं वय ५२ हजार वर्षांवरून ५ लाख ७० हजार वर्षांवर गेलं.’ हे वाक्य परिच्छेदात असू द्या आणि तेच, अक्षर न अक्षर, उचला. वाक्य एखाद्या मुलाखतीतलं असेल, तर मात्र बोलणाऱ्याचे शब्द मजकुरातही बदलता येत नाहीत. तिथे दुसरं वाक्य शोधावं आणि खाली नाव द्यावं.

वाक्य कापताना अट किंवा आधार गळणं

मराठीत ही चूक सहज होते, त्याला आपली वाक्यरचना कारणीभूत आहे. मजकुरात असं आहे समजा : ‘पाण्याची पातळी पुन्हा एवढी खाली गेली आणि पाऊस लांबला, तर सरोवर पुन्हा गुलाबी होऊ शकतं, असं अभ्यासकांना वाटतं.’ जागा कमी म्हणून उद्धरणात उरतं : ‘सरोवर पुन्हा गुलाबी होऊ शकतं.’ अट वाक्याच्या सुरुवातीला होती, ती गेली. कुणाचं मत आहे ते शेवटी होतं, तेही गेलं. मधे उरलं ते भाकीत, आणि तेही लेखकाच्या नावावर. आपल्याकडे ‘जर-तर’ सुरुवातीला आणि ‘असं… म्हणतात’ शेवटी येतं, त्यामुळे मधला तुकडा नेहमी ठाम वाटतो. कापलेलं वाक्य मूळ वाक्याशेजारी ठेवून बघा : मूळ वाक्यातली शंका कापलेल्यातही शिल्लक आहे का? नसेल तर पूर्ण वाक्य द्या किंवा दुसरं निवडा.

जागेचाही विचार करा. उद्धरण मूळ वाक्याच्या अगदी शेजारी आलं, तर वाचक तेच लागोपाठ दोनदा वाचतो. ते दोन-तीन परिच्छेद आधी ठेवलं तर पुढे काय आहे याची ओढ लावतं. नंतर ठेवण्यात काही अर्थ नाही. साधारण हजार शब्दांना एक पुरे. वेबवर त्याला `<blockquote>` लावू नये, कारण ते बाहेरून घेतलेल्या उताऱ्यासाठी आहे. इथे `<aside>` वापरा, आणि मजकूर तंतोतंत तोच असेल तर `aria-hidden="true"` जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर तो पुन्हा वाचणार नाही.

उशिरा केलेले बदल

लेख तपासून झाल्यावर कुणीतरी मजकुरात ‘सुमारे’ घालतं, आकडा सुधारतं किंवा परिच्छेद उडवतं. फोटोओळी आणि उद्धरणं मात्र जुनीच राहतात. एकाच पानावर विवराचा व्यास कुठे १.८ किलोमीटर आणि कुठे ‘दोन किलोमीटर’ असतो, तो यामुळेच. म्हणून पान छपाईला किंवा वेबवर जाण्याआधी प्रत्येक उद्धरणातले चार-पाच शब्द Ctrl+F मध्ये टाकून मजकुरात शोधा. सापडले नाहीत, तर उद्धरण जुनं झालं आहे. फोटोओळींतले आकडे, तारखा आणि नावं हाताने, एकेक करून मजकुराशी ताडून बघावी लागतात.