रोज नव्याने ओळख द्यावी लागते : बोलणाऱ्या ॲपशी बोलताना या चुका टाळा

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभा दर गुरुवारी विरंगुळा केंद्रात भरते. गेल्या महिन्यात तिथे मला चॅटजीपीटीसारख्या, प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ॲपशी कसं बोलायचं या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी माइक हातात घ्यायच्या आधीच पहिल्या रांगेतल्या एक काकू उठल्या. त्या म्हणाल्या, “ताई, त्या ॲपला परवा तासभर बसून सगळं सांगितलं. गोळ्या सांगितल्या, पथ्य सांगितलं. आज विचारलं तर म्हणतो, रोज सकाळी पालकाचा रस घ्या. माझं काही चुकलं का?”

काकूंना रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. पालकात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते नेमकं या गोळीच्या उलट काम करतं. पालेभाजी अजिबात बंद, असं डॉक्टर म्हणत नाहीत. रोज साधारण तेवढीच खा, एकदम वाढवू नका, एवढंच ते सांगतात. पेलाभर रस अचानक रोज सुरू केला, तर रक्ताच्या तपासणीचे आकडे बिघडतात. काकूंना हे ठाऊक होतं म्हणून त्यांनी रस घेतला नाही. परवाच्या बोलण्यात त्यांनी गोळीचं नावही सांगितलं होतं. तरी आज असं का झालं, हेच मी त्या दिवशी आधी सांगितलं.

ते रात्रीत विसरत नाही

ज्या कार्यक्रमाशी आपण बोलतो, त्याचं शिकणं आपल्यापर्यंत पोचण्याच्या आधीच झालेलं असतं. आपण बोललो म्हणून तो बदलत नाही. आपण एकेक प्रश्न विचारत जातो, तेव्हा तो दर वेळी त्या चॅटमधलं सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचतो आणि मग पुढचं उत्तर देतो. दहावा प्रश्न विचारला की आधीच्या नऊ प्रश्नोत्तरांसकट वाचतो. म्हणून एका बैठकीत त्याला सगळं आठवतंय असं वाटतं. त्याची आठवण म्हणजे समोरचा तो कागद, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण ॲप उघडतो आणि बहुतेक वेळा नवीन, कोरी चॅट समोर येते. कागदच कोरा, मग वाचणार काय? तारीख बदलली म्हणून तो विसरलेला नसतो. परवाचा कागद तसाच शिल्लक असतो, फक्त आपण तो समोर ठेवलेला नसतो.

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत जाऊन आलेल्यांना हे लगेच कळतं. दर वेळी खुर्चीत नवा डॉक्टर असतो. तो हुशार असतो, पण आपल्याला ओळखत नाही. केसपेपर घरी राहिला तर तो पहिल्यापासून विचारतो, किंवा न विचारताच औषध लिहितो. इथेही केसपेपर आपणच न्यायचा.

पहिली चूक : “परवा सांगितलं तसं” म्हणून सुरुवात करणं

ही चूक मी सभेत प्रत्यक्ष करून दाखवली. कोरी चॅट उघडली आणि विचारलं, “परवा ठरलेलं पथ्य असंच चालू ठेवू ना?” पथ्याचा एक शब्दही त्या चॅटमध्ये नव्हता. तरी उत्तर होकाराचं आलं, वर दोन सल्लेही. मग दुसरी कोरी चॅट उघडून विचारलं, “माझं पथ्य काय ठरलंय ते सांग.” आता मात्र अशी माहिती आपल्याकडे नाही, असं उत्तर आलं.

हा फरक नीट लक्षात घ्या. आपण गृहीत धरून बोललो की तेही आपलं म्हणणं धरूनच पुढे जातं. आपल्याला वाटतं, आठवतंय म्हणूनच हो म्हणालं. औषध, पैसे, कोर्टकचेरी यातलं काही असेल तर आधी दुसऱ्या पद्धतीने विचारा : मी काय सांगितलंय ते तूच सांग. त्याला ते सांगता आलं नाही किंवा भलतंच सांगितलं, तर कागद कोरा आहे असं समजा.

परवाचीच चॅट पुढे चालवायची असेल, तर बहुतेक ॲपमध्ये डाव्या कोपऱ्यात वर आडव्या रेघा असतात. तिथे बोट लावलं की जुन्या चॅटची यादी उघडते. हवी ती चॅट उघडून तिच्यातच बोला. यादीतल्या नावावर बोट दाबून धरलं की नाव बदलता येतं. काकूंच्या यादीत सतरा चॅट होत्या आणि त्यातली परवाची कुठली ते कळत नव्हतं. तिला आम्ही “माझं पथ्य” असं नाव दिलं.

केसपेपर कसा लिहायचा

सभेतला अर्धा वेळ यातच गेला, आणि तो जायलाच हवा होता. काकूंचा केसपेपर आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला. तो असा झाला :

“तारीख ५ जून. माझं वय ७२. रोज रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. पालेभाज्या रोज साधारण तेवढ्याच खायच्या, एकदम वाढवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मीठ कमी. दातांमुळे कडक चावता येत नाही. नवीन काढा, रस किंवा औषध सुचवू नकोस. तसं काही वाटलं तर डॉक्टरांना विचारायला सांग. एका वेळी एकच गोष्ट सोप्या मराठीत सांग. खात्री नसेल तर तसं स्पष्ट म्हण.”

पहिल्या खेपेला काकूंनी लिहिलं होतं, “मला रक्ताचा त्रास आहे, जपून सांग.” यातून गोळी कळत नाही आणि जपायचं म्हणजे काय तेही कळत नाही. गोळीचं नाव पाकिटावर आहे तसंच लिहा. डॉक्टर जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आणि काय नको ते स्पष्ट लिहा. “नवीन रस सुचवू नकोस” या ओळीनेच काकूंचं काम सर्वांत जास्त झालं.

हा मजकूर फोनच्या नोट्समध्ये ठेवा. नोट्स जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, तिथे सगळ्यांचा हात बसलेला असतो. सकाळी त्या मजकुरावर बोट दाबून धरायचं, “Copy” करायचं, मग ॲपमध्ये लिहायच्या जागी बोट दाबून धरून “Paste” म्हणायचं आणि पाठवायचं. हे झालं की खुशाल माइकवर बोला. रोज केसपेपर तोंडी सांगायच्या भानगडीत पडू नका. बोलण्यात औषधाचं नाव हमखास चुकीचं उमटतं आणि ते आपल्या ध्यानात येत नाही.

वरची तारीख गाळू नका. गोळी बदलली आणि केसपेपर जुनाच राहिला, तर कोऱ्या कागदापेक्षा तो घातक, कारण त्याच्यावर आपला विश्वास असतो. दवाखान्यातून आलं की चहा टाकायच्या आधी नोट उघडून दुरुस्ती करायची, अशी सवय काकूंनी लावून घेतली आहे.

आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, पिन, ओटीपी यातलं काहीही केसपेपरमध्ये नको. पूर्ण नाव आणि पत्ताही लागत नाही.

दुसरी चूक : एकच चॅट महिनोन्महिने ओढणं

हे ऐकून काही जण म्हणतात, मग नवीन चॅट उघडायचीच नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक काका आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितायत. त्यांनी दोन महिने एकच चॅट चालवली. पुढेपुढे फलटण डेपोतला प्रसंग दुसऱ्याच डेपोत घडायला लागला आणि पहिल्या प्रकरणातल्या कंडक्टरचं नाव बदललं.

एका वेळी किती वाचता येईल याला मर्यादा असते. कागद फार लांबला की सुरुवातीचा भाग वाचण्याबाहेर जातो किंवा त्याच्याकडे नीट लक्ष राहत नाही. आधी ठरलेली नावं बदलणं, एकदा नको म्हटलेली गोष्ट पुन्हा येणं, ही त्याची खूण. अशा वेळी रागावून समजावत बसलं तर कागद आणखी लांबतो.

काकांना सांगितलेला उपाय असा. प्रत्येक प्रकरणाची चॅट वेगळी. प्रकरण संपलं की तिथेच लिहायचं, “आतापर्यंत ठरलेली नावं, गावं आणि सालं पंधरा ओळींत लिही. अंदाजाने काही घालू नकोस.” आलेल्या ओळी आपल्या वहीशी ताडून पाहायच्या, कारण त्यातही चूक असू शकते. काकांना एक साल चुकलेलं सापडलं. दुरुस्त केलेल्या त्या ओळी पुढच्या प्रकरणाच्या नव्या चॅटमध्ये सगळ्यात आधी टाकायच्या.

तिसरी चूक : आठवणीच्या सोयीवर विसंबणं

काही ॲपमध्ये आता आठवण ठेवायची सोय आली आहे. चॅटजीपीटीत ती फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणी म्हणून आली आणि एप्रिल २०२५ पासून जुन्या चॅटचाही आधार घेतला जाऊ लागला. सोय चांगली आहे, पण तीत सगळं शब्दशः राहत नाही. त्याला महत्त्वाचं वाटेल ते राहतं. नातीचं नाव राहील आणि गोळी राहणार नाही, असंही होऊ शकतं. सेटिंग्जमध्ये “Memory” असं दिसलं तर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून एकदा उघडून पाहा आणि चुकीचं काही असेल तर काढून टाका.

एका घरात आजोबा आणि नातू एकाच खात्यावरून बोलत होते. नातवाची बारावीची परीक्षा आजोबांच्या उत्तरांत डोकावायला लागली. दोघांची खाती वेगळी केली.

चौथी चूक : “उद्या आठवण कर” म्हणून झोपणं

सकाळी आठला गोळीची आठवण कर, असं सांगितलं की कित्येकदा गोड होकार येतो. सकाळी मात्र काहीच वाजत नाही. आपण बोललो तरच ते बोलतं, आपणहून हाक मारत नाही. काही ॲपना ठरल्या वेळी सूचना द्यायची सोय आहे. आपल्या ॲपला आहे का, ते पाहायला दहा मिनिटांनंतरची आठवण सांगा आणि फोन बाजूला ठेवा. वाजलं तर सोय आहे. तरी गोळीसाठी फोनचा गजरच लावा.

सभा संपल्यावर काकू थांबल्या होत्या. त्यांनी स्वतः कोरी चॅट उघडली, केसपेपर टाकला आणि विचारलं, “सकाळी नाश्त्याला काय करू?” उत्तरात मऊ उपमा आला, मीठ बेताने घाला असंही आलं. रसाचं नाव नव्हतं. त्यांनी पुन्हा खोदून विचारलं, “पालकाचा रस घेऊ का?” डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, असं उत्तर आलं. काकूंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “मंगळवारी तपासणी आहे, तेव्हा केसपेपरवरची तारीख बदलायला हवी.”